हनुमान चालिसा : वार आणि मागणे

आज चैत्री पौर्णिमा. सूर्योदयाच्या घटकेला गावोगावच्या मारुतिमंदिरांत जन्माचे कीर्तन झाले असेल, पाळणा हलला असेल आणि सुंठवड्याची पुडी घेऊन मंडळी घरी परतली असतील. सायंकाळी पुन्हा दिवे लागतील आणि अनेक घरांत हनुमान चालिसेचा पाठ सुरू होईल. श्रीसमर्थांचे भीमरूपी स्तोत्र हा महाराष्ट्राचा जुना ठेवा. त्याच्या शेजारी गोस्वामी तुलसीदासांची चालिसाही आता आपल्या देवघरांत स्थिर झाली आहे. मंगळवारी आणि शनिवारी तर ती म्हटल्यावाचून जेवायला न बसणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. अशा घरांसाठीच आज दोन प्रश्नांचा विचार करावयाचा योजिला आहे. चालिसा म्हणणारा नेमके मागतो तरी काय? आणि हे दोन वार तिला जोडले गेले ते कशामुळे?

हे प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेले नाहीत. एका शनिवारी कीर्तन आटोपून आम्ही मंदिराच्या ओसरीवर टेकलो असता एक प्रौढ बाई नमस्काराला आल्या. त्यांचा आवाज पार बसला होता. त्या म्हणाल्या, "बुवा, मुलाला साडेसाती लागली आहे. हातची नोकरी गेली, अंगात ताप मुरतो आहे. एकाच शनिवारी चालिसेचे शंभर पाठ पुरे करा, असे कुणी सांगितले. पहाटेपासून बसले, पण एक्केचाळिसाव्या पाठाला शब्द तोंडातच अडखळू लागले. आता उरलेले राहिले तर मुलावर काही कोप तर व्हायचा नाही ना?" डोळ्यांत पाणी नव्हते, भीती होती. अभयदात्याचे स्तोत्र म्हणता म्हणता भक्ताच्या मनात भय वाढावे, ही गोष्ट आम्हांस बोचली. म्हणून घरी येऊन चालिसा नव्याने, शब्दन् शब्द लावून वाचली.

प्रथम रचना पाहू. चालिसा म्हणजे चाळिसांचा समूह. आरंभी दोन दोहे, मध्ये चाळीस चौपाया आणि अखेरीस एक दोहा, अशी ही त्रेचाळीस पद्यांची मांडणी आहे. भाषा अवधी, अयोध्येच्या प्रांतातील लोकांच्या तोंडची. शेवटच्या चौपाईत कवीने आपले नाव गुंफले आहे, आणि तेही 'हरीचा सेवक' म्हणून. चौपाईचा प्रत्येक चरण सोळा मात्रांचा. शास्त्राप्रमाणे पूर्ण चौपाईला चार चरण लागतात. येथे दोन चरणांच्या जोडीलाच चौपाई म्हणून क्रमांक दिला जातो. या सोळा मात्रांचा हिशेब पुढे आपल्या कामी येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

आता पहिल्या दोह्याचे नवल पाहा. स्तोत्र हनुमंताचे, परंतु त्यातील पहिला संकल्प आहे रघुवराचे निर्मळ यश वर्णन करण्याचा. हाच दोहा तुलसीदासांच्या रामचरितमानसातील अयोध्याकांडाच्या आरंभीही येतो. त्यात कवी म्हणतो की गुरूंच्या चरणकमळांच्या धुळीने मी माझ्या मनाचा आरसा स्वच्छ करतो. धुळीने आरसा मळतो, स्वच्छ कसा होईल, असे आजच्या वाचकास वाटेल. पण जुना आरसा काचेचा नव्हता, धातूचा होता. पितळेचे भांडे जसे आपल्या आज्या बारीक राखेने घासून लखलखीत करीत, तसाच तो आरसाही सूक्ष्म भुकटीने घासून उजळावा लागे. म्हणजे पाठाचे पहिले काम कोणते? स्वतःचे मन घासणे. समोरच्या देवाने काय द्यावे, ही गोष्ट त्यानंतरची.

मागणे येते ते दुसऱ्या दोह्यात. स्वतःला बुद्धिहीन जाणून कवी पवनकुमाराचे स्मरण करतो आणि तीन गोष्टी मागतो : बळ, बुद्धी आणि विद्या. दोन गोष्टी हरण करण्याची विनंती करतो : क्लेश आणि विकार. संस्कृत जाणणाऱ्यास 'क्लेश' हा शब्द ओळखीचा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि जगण्याला चिकटून राहण्याची धडपड म्हणजे अभिनिवेश. विकार म्हणजे काम-क्रोधादी. ही सारी पीडा आतली आहे. या मागण्यात ग्रह नाही, शत्रू नाही, द्रव्यही नाही. आणि बळ एकटे मागितलेले नाही, त्याच्या जोडीला बुद्धी आहे. कारण बुद्धीवाचूनचे बळ रावणापाशीही होते.

पुढील चौपायांचा ओघ तीन टप्प्यांनी जातो. आधी रूप आणि गुण येतात : सुवर्णासारखी कांती, कानी कुंडले, कुरळे केस, हाती वज्र आणि ध्वज, खांद्यावर मुंजतृणाचे जानवे. मग चरित्र येते : सीतामाईपुढे सूक्ष्म झालेला, लंका जाळताना विक्राळ झालेला, लक्ष्मणासाठी संजीवनी आणणारा, सुग्रीवाला राज्य आणि बिभीषणाला सल्ला देणारा. तिसऱ्या टप्प्यात शरण आलेल्यास काय लाभते ते सांगितले आहे. बहुतेक मंडळी या तिसऱ्या टप्प्यासाठी चालिसा म्हणतात आणि पहिले दोन भरभर उरकतात. पण तिसऱ्याचा अर्थ पहिल्या दोहोंवाचून लागत नाही. हनुमंताने केलेले एकही काम स्वतःसाठी नाही. अंगठी मुखात धरून समुद्र ओलांडला तो रामाच्या निरोपासाठी, पर्वत उचलला तो लक्ष्मणासाठी. बळ कशासाठी मागावयाचे, याचे उत्तर या चरित्रातच दिले आहे.

याच टप्प्यातील दोन स्थळी आम्ही विशेष थांबतो. एका चौपाईत हनुमंत हा रामाच्या दाराचा राखणदार आहे आणि त्याच्या आज्ञेवाचून आत प्रवेश नाही, असे सांगितले आहे. दुसरीकडे, जानकीमातेच्या वराने तो अष्टसिद्धी आणि नवनिधी देणारा झाला, असे म्हटले आहे. आणि लगेच पुढच्याच चौपाईत त्याच्या स्वतःजवळ काय आहे ते येते. त्याच्यापाशी आहे रामनामाचे रसायन आणि रघुपतीचे अखंड दास्य. ज्याला सर्व काही देता येते त्याने स्वतःसाठी एवढेच ठेवून घेतले. दारावरच्या राखणदारापाशी सिद्धी आणि निधी मागून तेथूनच परत फिरणारा मनुष्य मंदिरात आलाच नाही, असे म्हणावे लागेल. चालिसेचा शेवटचा दोहाही हेच सांगतो. तेथे कवीने राम, लक्ष्मण आणि सीता यांच्यासह हृदयात वास करण्याची प्रार्थना केली आहे. पहिला दोहा मन घासतो आणि शेवटचा त्या घासलेल्या मनात देवाला बसवतो.

मराठी कानांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. अवधीतील काही शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तेथेच फसगत होते. 'काज' म्हणजे कार्य. सदऱ्याच्या गुंडीचे काज नव्हे. राखणदाराच्या त्या चौपाईतील 'पैसारे' या शब्दाचा पैशाशी संबंध नाही, त्याचा अर्थ प्रवेश. 'पीरा' म्हणजे पीडा. व-चा ब आणि श-चा स होणे ही त्या भाषेची रीत आहे, म्हणून 'बिकार' म्हणजे विकार. अशा शब्दांचा अर्थ एकदा लावून घेतला की पाठाची गती आपोआप मंदावते, कारण शब्द ओठांवरून जाताना मन त्याच्याबरोबर जाऊ लागते. ज्याचे मन पाठात नाही त्याची खूणही हीच : मध्येच कुणी थांबविले, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्यावाचून पुढची चौपाई आठवत नाही.

आता फलश्रुतीकडे वळू. रोग नाहीसा होतो, पीडा हरते, असे चालिसेत आहे. पण त्या चौपाईत जपाला 'निरंतर' हे विशेषण लावले आहे. निरंतर म्हणजे ज्यात अंतर पडत नाही असा. संकटातून सुटका होते, असेही आहे, परंतु कोणाची? जो मनाने, कर्माने आणि वाणीने हनुमंताचे ध्यान धरतो त्याची. यांपैकी वाणी तेवढी आपण सहज देतो, मन आणि कर्म मागे ठेवतो. औषधाविषयीही ग्रंथाचा कौल स्वच्छ आहे. लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा हनुमंताने नुसते स्मरण करीत बसण्यास सांगितले नाही. सुषेण वैद्याने वनस्पती सांगितली आणि ती आणण्यासाठी तो धावला. वैद्याचे सांगणे आणि हनुमंताची धाव, दोन्ही मिळून लक्ष्मण उठला. तुलसीदासांना स्वतःला उतारवयात बाहूची दारुण व्यथा झाली होती आणि तिच्यातूनच 'हनुमानबाहुक' जन्मास आले. चालिसेच्या कवीलाही देहाचे भोग चुकले नव्हते, ही गोष्ट आजारी माणसाच्या नातलगांनी मनात बाळगावी, म्हणजे आपल्या पाठात काही उणे राहिले काय, या विचाराने त्यांचे मन कुरतडले जाणार नाही.

आता वारांचा प्रश्न. चालिसेच्या त्रेचाळीस पद्यांत मंगळवार नाही, शनिवार नाही. शनीचे किंवा मंगळाचे नावही नाही. वार सांगणे कवीस ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. रामचरितमानसाचा आरंभ संवत् १६३१ मध्ये, म्हणजे इ. स. १५७४ मध्ये, अयोध्येत चैत्र शुद्ध नवमीस मंगळवारी केला, हे त्यांनीच मानसाच्या बालकांडात नोंदविले आहे. ज्याने ग्रंथारंभाचा वार जपून लिहिला, त्याने चालिसेला मात्र वाराचे बंधन घातले नाही. ते बंधन समाजाने पुढे आपल्या हाताने घातले, आणि ते का घातले हे समजून घेण्यासारखे आहे.

वारांची गणना रामकथेहून नवीन आहे. वाल्मीकींच्या रामायणात तिथी आणि नक्षत्रे आहेत. वारांची मोजणी नाही. मध्यप्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या कारकीर्दीतील इ. स. ४८४ चा जो स्तंभलेख आहे, त्यात गुरूच्या वाराचा उल्लेख येतो. आपल्या कोरीव लेखांतील वाराच्या सर्वांत जुन्या निश्चित उल्लेखांत त्याची गणना होते. वार आले ते ग्रहांच्या नावांनी आले आणि ग्रहांबरोबर त्यांचे स्वभावही आले. ज्योतिषात मंगळ आणि शनी हे दोघेही क्रूर ग्रह. म्हणून त्यांचे वार शुभकार्यास टाळले जाऊ लागले. आता सामान्य संसारी माणसाच्या मनात डोकावून पाहावे. आठवड्याचे जे दोन दिवस त्याला धाकाचे वाटत, त्याच दिवशी त्याने निर्भयाचा आश्रय घेतला. अंधार असेल तेथे दिवा ठेवावा, तशी ही योजना आहे. हे दोन वार भयाच्या जागी ठेवलेले अभय आहेत, असे आम्ही मानतो.

या मूळ कारणावर पुढे परंपरांचे थर चढले. अयोध्येकडील वैष्णव परंपरेत हनुमंताचा जन्म आपल्या आश्विन वद्य चतुर्दशीस, मंगळवारी झाला असे मानतात, म्हणून उत्तरेत मंगळवारास महत्त्व. मंगळाचा रंग तांबडा आणि मारुतीचा शेंदूरही तांबडा, हे साम्यही लोकांच्या मनात बसले. वाराणसीच्या संकटमोचन मंदिराची स्थापना तुलसीदासांनी केली अशी परंपरा आहे. तेथे मंगळवारी आणि शनिवारी दर्शनाला दाटी होते. आपल्या महाराष्ट्रात मंगळवार गणपतीचा आणि देवीचा, म्हणून मारुतीकडे शनिवार आला. तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ घेऊन आपण शनिवारी मारुतीच्या पारावर जातो ते या क्रमाने. दोन्ही वारी चालिसा म्हणणाऱ्या मराठी घरात उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन्ही रीती एकत्र नांदतात.

शनीच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. रावणाने ग्रहांना बंदीत टाकले होते, लंकादहनाच्या वेळी हनुमंताने शनीला सोडविले आणि शनीने त्याच्या भक्तांना न छळण्याचे वचन दिले, ही एक. शनी हनुमंताच्या मस्तकावर बसावयास आला, हनुमंताने त्याच मस्तकावर शिळा ठेवल्या, शनी चेंगरून विव्हळू लागला आणि त्याच्या अंगाचा दाह शमावा म्हणून तेल वाहू लागले, ही दुसरी. या कथा वाल्मीकींच्या नव्हेत, लोकपरंपरेतील आहेत. आम्हीही कीर्तनाच्या उत्तररंगात त्या अनेकदा रंगविल्या आणि श्रोत्यांना हसविले. पण आज कबूल केले पाहिजे की कथेतील वचनावर आम्ही जितका भर दिला, तितका त्या वचनाच्या कारणावर दिला नाही. शनीचे भय ज्याला वाटले नाही, तो रामाच्या कामात गढलेला होता. शिळा आधीच उचलायच्या होत्या, त्या मस्तकावर ठेवताना त्याला वेगळे काही करावे लागले नाही. कथेचे मर्म येथे आहे. ते सुटले म्हणजे श्रोता भय घेऊन घरी जातो आणि पहाटेपासून शंभर पाठांना बसतो.

आता त्या बाईंच्या शंभर पाठांचा हिशेब मांडू. चालिसेच्या अखेरीस जेथे पाठाची संख्या येते, तेथे शब्द आहे 'सत'. श-चा स होतो हे वर पाहिलेच. म्हणून सत म्हणजे शत, शंभर. काही जण त्याचा अर्थ सात असाही घेतात. शंभर धरले तरी ते एका दिवसात, एका बैठकीत, अमुक वारी पुरे करावेत, असे तेथे एका अक्षरानेही सांगितलेले नाही. आता मात्रा मोजू. चाळीस चौपायांच्या प्रत्येकी बत्तीस, अशा १२८० मात्रा झाल्या. तीन दोह्यांच्या प्रत्येकी अठ्ठेचाळीस, अशा १४४. एकूण १४२४. अर्थाकडे लक्ष ठेवून सावकाश म्हणणारा एका सेकंदास सुमारे तीन मात्रा म्हणतो. या गतीने एका पाठास आठ मिनिटे लागतात आणि शंभर पाठांस आठशे मिनिटे, म्हणजे तेरा तास वीस मिनिटे. त्यात पाणी पिण्याचा किंवा पाठ टेकण्याचा अवकाश धरलेला नाही. हेच पाठ पाच तासांत उरकावयाचे म्हटले, तर प्रत्येकास तीन मिनिटे मिळतात आणि सेकंदास जवळजवळ आठ मात्रा म्हणाव्या लागतात. त्या वेगात शब्दाचा शेवट गिळला जातो, यमके तुटतात आणि म्हणणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो. संख्या भरते, पाठ मात्र होत नाही.

म्हणून आम्ही त्या बाईंना म्हणालो, "माई, तुमचे एक्केचाळीस पाठ मारुतिरायाने घेतले. उरलेल्यांचे भय मनातून काढा. मंगळवारी एक आणि शनिवारी एक, असा आठ मिनिटांचा पाठ अर्थ समजून म्हणत जा. आठवड्याला दोन झाले, तर पन्नास आठवड्यांत शंभर होतात. साडेसाती म्हणता, तर शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, आणि जन्मराशीच्या मागची, जन्मराशी आणि पुढची अशा तीन राशी ओलांडावयास साडेसात वर्षे लागतात. साडेसात वर्षांच्या गोष्टीला एका शनिवारची घाई कशाला? आणि मुलाचा ताप उद्या सकाळी वैद्याला दाखवा. सुषेणाला विचारल्यावाचून मारुतीही निघाला नव्हता."

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलालाही बसवू का पाठाला?" आम्ही म्हणालो, "बसवा. बळ, बुद्धी आणि विद्या त्यालाच हवी आहे. मागणारा त्याच्या ठिकाणी दुसरा का असावा?" पुढे त्या दोघांना आम्ही काही शनिवारी पारावर शेजारी बसून म्हणताना पाहिले. मुलगा अडखळत होता, आई थांबून शब्दाचा अर्थ सांगत होती. मुलाला नोकरी केव्हा लागली हे आम्ही विचारले नाही. बाईंच्या आवाजातील भीती मात्र गेली होती, एवढे आमच्या कानांनी ऐकले.

आज जन्मदिनाच्या निमित्ताने वाचकांस एवढेच विनवावयाचे आहे. वार मोडू नका; वडिलांनी लावलेली ती चांगली शिस्त आहे आणि ज्याला रोज जमत नाही त्याला ती आठवण देते. परंतु वार चुकला तर देव कोपेल, असे लेकरांना सांगू नका. चालिसेत तसे कोठेही नाही. आज सायंकाळी पाठ करताना दुसऱ्या दोह्यापाशी थोडे थांबा आणि त्यातील तीन मागण्यांपैकी आपल्याला आज कोणती अधिक हवी आहे, ते मनाशी ठरवा. मग पुढच्या चाळीस चौपाया म्हणा. अखेरच्या दोह्यापाशी आल्यावर आपले मागणे पालटले आहे काय, ते ज्याचे त्याने पाहावे.

जय जय रघुवीर समर्थ.